वाटपाबाहेरचा महसूल : उपकर, अधिभार आणि राज्यांचा वाटा

संघराज्यात कर कोणी लावावा आणि त्यातून आलेला पैसा कोणी खर्च करावा, या दोन प्रश्नांची उत्तरे एकाच सरकारच्या नावाने देता येत नाहीत. कंपनीचा नफा, आयात होणारा माल किंवा पगारदाराचे उत्पन्न या गोष्टी राज्याच्या सीमा सहज ओलांडतात, म्हणून त्यांवरचा कर संपूर्ण देशासाठी एकाच सरकारने आकारणे सोयीचे असते. याउलट शाळा, दवाखाने, पोलीस, पाटबंधारे आणि रस्ते ही कामे जिथली तिथेच करावी लागतात. परिणामी भारतात केंद्राकडे गरजेहून अधिक वसुलीची साधने आणि राज्यांकडे साधनांहून अधिक जबाबदाऱ्या राहतात. पंधराव्या वित्त आयोगाने 2018-19 या वर्षासाठी केलेल्या हिशेबानुसार दोन्ही सरकारांच्या एकत्रित महसुलापैकी सुमारे 63 टक्के केंद्राने गोळा केला आणि एकत्रित खर्चापैकी सुमारे 62 टक्के राज्यांनी केला. हे अंतर कसे भरून काढायचे याची तरतूद राज्यघटनेत आहे. तथापि त्या तरतुदीला एक वाट ठेवलेली आहे आणि गेल्या काही वर्षांत त्या वाटेने बराच महसूल राज्यांच्या वाटपाबाहेर गेला आहे. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय तीच वाट आहे.

प्रारंभी मूळ मांडणी थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत विषयांच्या तीन सूची आहेत आणि कर लावण्याचे अधिकार त्यांपैकी संघ सूची व राज्य सूची या दोहोंत नोंदनिहाय विभागलेले आहेत. शेतीखेरीज इतर उत्पन्नावरील कर, कंपन्यांवरील कर आणि सीमाशुल्क केंद्राकडे आहेत. जमीन महसूल, शेती उत्पन्नावरील कर, मद्यावरील उत्पादन शुल्क, वाहन कर, मुद्रांक शुल्क आणि व्यवसाय कर राज्यांकडे आहेत. दोन्ही सरकारांनी एकाच वस्तूवर स्वतंत्रपणे कर लावून नागरिकाला दुहेरी भार द्यावा, अशी परिस्थिती येऊ नये म्हणून समवर्ती सूचीत करांच्या नोंदी जवळजवळ ठेवलेल्याच नाहीत. 2016 सालच्या 101व्या घटनादुरुस्तीने वस्तू व सेवा कराच्या रूपाने या काटेकोर विभागणीला पहिला मोठा अपवाद केला आणि 1 जुलै 2017 पासून एकाच व्यवहारावर केंद्र व राज्य दोघेही कर घेऊ लागले. मात्र कच्चे तेल, पेट्रोल, डिझेल, नैसर्गिक वायू आणि विमानाचे इंधन हे पदार्थ अद्याप त्या कराखाली आणलेले नाहीत. पुढील विवेचनात पेट्रोलचे उदाहरण मध्यवर्ती येणार असल्याने ही गोष्ट येथेच लक्षात ठेवलेली बरी.

केंद्राने गोळा केलेल्या करांतून राज्यांना वाटा देण्याची तरतूद अनुच्छेद 270 मध्ये आहे. वाटून घ्यावयाच्या या रकमेला विभाज्य निधी म्हणतात. करांचे निव्वळ उत्पन्न, म्हणजे ढोबळ वसुलीतून वसुलीचा खर्च वजा करून उरलेली आणि नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी प्रमाणित केलेली रक्कम, ही या निधीचा आधार असते. या निधीचा किती टक्के भाग सर्व राज्यांना मिळून द्यायचा आणि तो राज्याराज्यांत कोणत्या प्रमाणात विभागायचा, या दोन्हींविषयी शिफारस अनुच्छेद 280 नुसार साधारणपणे दर पाच वर्षांनी नेमला जाणारा वित्त आयोग करतो. पहिल्या वाटपाला उभे वाटप आणि दुसऱ्याला आडवे वाटप असे म्हणण्याचा प्रघात आहे. तेराव्या आयोगाने राज्यांचा एकत्रित वाटा 32 टक्के ठरवला, चौदाव्याने तो एकदम 42 टक्क्यांवर नेला आणि जम्मू-काश्मीरचे केंद्रशासित प्रदेशांत रूपांतर झाल्यामुळे पंधराव्याने तो 41 टक्के केला. सोळाव्या आयोगापुढे बहुसंख्य राज्यांनी 50 टक्क्यांची मागणी ठेवली. सार्वजनिक चर्चा बहुधा याच आकड्यांभोवती फिरते. पण हे टक्के ज्या रकमेवर लावायचे ती रक्कम कशाकशाची बनते, हा प्रश्न त्याहून मूलगामी आहे आणि तो वित्त आयोगाच्या हातात नाही.

या प्रश्नाचे मूळ स्वातंत्र्यापूर्वीच्या काळात आहे. 1919 च्या सुधारणा कायद्यानंतर महसुलाच्या बाबी केंद्र व प्रांत यांच्यात प्रथमच स्पष्टपणे वेगळ्या झाल्या, तेव्हा जमीन महसूल प्रांतांकडे गेला आणि सीमाशुल्क व प्राप्तिकर केंद्राकडे राहिला. शेतीप्रधान प्रांतांना ही विभागणी सोसण्यासारखी होती. मुंबई व बंगाल या उद्योग-व्यापाराच्या प्रांतांची तक्रार अशी होती की त्यांच्याकडचा वाढणारा कर केंद्राने घेतला आणि फारसा न वाढणारा कर त्यांच्या पदरात टाकला. 1936 च्या निमायर निवाड्याने या तक्रारीची अंशतः दखल घेतली, प्राप्तिकराच्या विभाज्य रकमेपैकी निम्मी प्रांतांसाठी ठरवली आणि त्या निम्म्यात मुंबईला व बंगालला प्रत्येकी 20 टक्के दिले. फाळणीनंतर सिंध, वायव्य सरहद्द प्रांत, पूर्व बंगाल आणि पश्चिम पंजाब यांचे वाटे मोकळे झाले, तेव्हा त्यांच्या फेरवाटपाचे काम चिंतामणराव देशमुख यांच्याकडे सोपवण्यात आले आणि त्यांचा 1950 चा निवाडा पहिला वित्त आयोग येईपर्यंत लागू राहिला. के. सी. नियोगी यांच्या अध्यक्षतेखालील त्या पहिल्या आयोगाने प्राप्तिकरातला राज्यांचा वाटा 55 टक्के केला आणि आडव्या वाटपात 80 टक्के वजन लोकसंख्येला व 20 टक्के वजन त्या-त्या राज्यातील वसुलीला दिले. वसुलीचे हे वजन पुढे कमी-जास्त होत राहिले आणि दहाव्या आयोगाने ते पूर्णपणे काढून टाकले.

स्वतंत्र भारतात विभाज्य निधीची सीमा सरकल्याचे पहिले ठळक उदाहरण 1959 सालचे आहे. त्या काळी सगळे केंद्रीय कर वाटून घेतले जात नव्हते. प्राप्तिकर अनिवार्यपणे वाटला जाई, काही वस्तूंवरील उत्पादन शुल्क संसदेच्या कायद्यानुसार वाटले जाई आणि कंपनी कर व सीमाशुल्क पूर्णपणे केंद्राकडे राहत. कंपन्या तोपर्यंत प्राप्तिकरही भरत आणि त्याशिवाय कंपनी करही भरत, म्हणजे त्यांनी दिलेल्या रकमेचा पहिला भाग राज्यांच्या वाटपात येत असे. 1959 च्या वित्त अधिनियमाने कंपन्यांनी भरायचा प्राप्तिकर कंपनी करात वर्ग केला. कंपन्यांवरचा भार या वर्गवारीने ठरत नव्हता, तिजोरीत येणारा पैसाही तोच होता. पण तो प्राप्तिकर या नावाखाली येईनासा झाल्यामुळे राज्यांचा त्यावरील हक्क संपला. राज्यांनी जोरदार तक्रार केली आणि तिसऱ्या वित्त आयोगाने प्राप्तिकरातला त्यांचा वाटा 60 वरून दोन तृतीयांशावर नेऊन नुकसान काहीसे भरून दिले. तथापि सीमा पूर्ववत झाली नाही. नंतरच्या दशकांत प्राप्तिकरातला राज्यांचा वाटा वाढत 85 टक्क्यांपर्यंत गेला, त्यामुळे प्राप्तिकर वाढवण्यात केंद्राला फारसे स्वारस्य उरले नाही. शंभर रुपये वाढवावेत आणि पंचाऐंशी वाटून टाकावेत, याऐवजी जिथे काहीच वाटावे लागत नाही तिथे कर वाढवण्याकडे कोणत्याही अर्थमंत्र्याचा कल होणे स्वाभाविक होते.

या विकृतीवर उपाय म्हणून के. सी. पंत यांच्या अध्यक्षतेखालील दहाव्या आयोगाने वेगळी योजना सुचवली. एखाद-दुसऱ्या कराचा मोठा हिस्सा देण्याऐवजी सर्व केंद्रीय करांच्या एकत्रित उत्पन्नाचा 29 टक्के हिस्सा राज्यांना द्यावा, म्हणजे कोणता कर वाढवायचा हे ठरवताना केंद्राला वाटपाचा विचार करावा लागणार नाही आणि सीमाशुल्क व कंपनी कर यांच्या वाढीत राज्येही सहभागी होतील, असे त्यामागचे तत्त्व होते. 2000 सालच्या 80व्या घटनादुरुस्तीने हे तत्त्व स्वीकारले आणि अनुच्छेद 270 नव्याने लिहिला गेला. भारताच्या वित्तीय संघराज्याच्या इतिहासात या दुरुस्तीइतके विचारपूर्वक उचललेले पाऊल क्वचितच सापडेल. मात्र नव्या अनुच्छेदात दोन गोष्टी वाटपातून स्पष्टपणे वगळलेल्या आहेत : अनुच्छेद 271 खालील अधिभार, आणि विशिष्ट प्रयोजनासाठी संसदेच्या कायद्याने लावलेला उपकर. करांच्या नावांमधली भिंत पाडली गेली, पण कर आणि त्याच्यावर चढवलेली भर यांच्यामध्ये नवी भिंत उभी राहिली.

अधिभार म्हणजे मूळ कराच्या रकमेवर आकारलेला जादा कर, जो केंद्राच्या प्रयोजनांसाठी असतो आणि ज्याचे संपूर्ण उत्पन्न भारताच्या संचित निधीत जमा होते. त्याला विशिष्ट कामाचे बंधन नसते. उपकर म्हणजे प्राथमिक शिक्षण, रस्ते, आरोग्य असे नेमके काम सांगून त्यासाठी लावलेली वसुली, आणि ती त्याच कामावर खर्च होणे अपेक्षित असते. करदात्याच्या दृष्टीने दोन्ही करच आहेत. वर्षाला एक कोटीहून थोडे अधिक उत्पन्न असलेल्या व्यक्तीचा हिशेब घेतला, तर तिच्या मूळ प्राप्तिकराच्या प्रत्येक 100 रुपयांवर 15 रुपये अधिभार बसतो आणि या 115 रुपयांवर 4 टक्के दराने आरोग्य व शिक्षण उपकर, म्हणजे 4 रुपये 60 पैसे, आकारला जातो. ती व्यक्ती 119 रुपये 60 पैसे भरते, पण वाटपासाठी येतात फक्त 100 रुपये. त्यांचे 41 टक्के म्हणजे 41 रुपये, आणि भरलेल्या एकूण रकमेशी ते ताडून पाहिले तर राज्यांचा वाटा 34 टक्क्यांच्या जेमतेम वर जातो. कागदावरचे 41 आणि प्रत्यक्षातले 34 यांमधला हा फरक कोणत्याही वित्त आयोगाने सुचवलेला नाही.

प्राप्तिकरात ही भर मूळ करापेक्षा लहान असते. इंधनाच्या बाबतीत ती मूळ कराच्या कितीतरी पटींनी मोठी झाली. पेट्रोलवरील केंद्रीय उत्पादन शुल्काचे 2018 च्या सुमारास तीन मुख्य घटक होते : मूळ उत्पादन शुल्क, अधिभाराच्या स्वरूपाचे विशेष अतिरिक्त उत्पादन शुल्क, आणि रस्त्यांसाठीची वसुली. यांपैकी केवळ पहिला घटक विभाज्य निधीत येतो. 1 फेब्रुवारी 2018 च्या अर्थसंकल्पापूर्वी ब्रँड नसलेल्या साध्या पेट्रोलवर लिटरमागे मूळ शुल्क 6 रुपये 48 पैसे, विशेष शुल्क 7 रुपये आणि रस्त्यांसाठीचे अतिरिक्त शुल्क 6 रुपये, असे एकूण 19 रुपये 48 पैसे आकारले जात. त्या दिवशी मूळ शुल्क 2 रुपयांनी कमी होऊन 4 रुपये 48 पैसे झाले, रस्त्यांसाठीचे जुने 6 रुपयांचे शुल्क रद्द झाले आणि त्याच्या जागी 8 रुपयांचा रस्ते व पायाभूत सुविधा उपकर आला. बेरीज पुन्हा 19 रुपये 48 पैसेच झाली. पंपावर पेट्रोल भरणाऱ्याला काहीही बदललेले दिसले नाही. राज्यांच्या दृष्टीने मात्र प्रत्येक लिटरमागे 2 रुपये वाटपातून निघून गेले आणि तेव्हाच्या 42 टक्के दराने त्यांचे एकत्रित 84 पैसे बुडाले. 1959 मध्ये जे नाव बदलून घडले, तेच 2018 मध्ये घटक बदलून घडले.

पुढचा टप्पा साथीच्या काळातला आहे. मे 2020 मध्ये कच्च्या तेलाचे भाव कोसळलेले असताना केंद्राने पेट्रोलवरील शुल्क लिटरमागे 10 रुपयांनी वाढवले. त्यांपैकी 8 रुपये रस्ते उपकरात आणि 2 रुपये विशेष शुल्कात गेले; मूळ शुल्कात एक पैसाही वाढला नाही. फेब्रुवारी 2021 च्या अर्थसंकल्पात कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर या नावाने चौथा घटक आला आणि त्याला जागा करून देण्यासाठी मूळ शुल्क 2 रुपये 98 पैशांवरून 1 रुपया 40 पैशांवर व विशेष शुल्क 12 वरून 11 रुपयांवर आणले गेले. त्या वेळचे चित्र असे होते : मूळ शुल्क 1 रुपया 40 पैसे, विशेष शुल्क 11 रुपये, रस्ते उपकर 18 रुपये आणि कृषी उपकर अडीच रुपये, एकूण 32 रुपये 90 पैसे. राज्यांच्या वाट्याचा हिशेब यांतल्या फक्त 1 रुपया 40 पैशांवर होतो. त्याचे 41 टक्के म्हणजे 57 पैसे सर्व राज्यांना मिळून, आणि त्यात महाराष्ट्राचा 6.317 टक्के वाटा म्हणजे साडेतीन पैशांहून किंचित अधिक. उरलेले 31 रुपये 50 पैसे पूर्णतः केंद्राचे होते.

या उदाहरणाला तीन बाजू आहेत आणि त्या सांगितल्याशिवाय ते एकांगी राहील. ही पद्धत एका सरकारची किंवा एका पक्षाची नाही. 2014 च्या वसंतात, म्हणजे सत्तांतरापूर्वीही, साध्या पेट्रोलवरील एकूण 9 रुपये 48 पैशांपैकी मूळ शुल्क केवळ 1 रुपया 20 पैसे होते. दुसरी बाजू अशी की नोव्हेंबर 2021 आणि मे 2022 मध्ये केंद्राने पेट्रोलवरील शुल्क अनुक्रमे 5 व 8 रुपयांनी कमी केले तेव्हा मूळ शुल्काला हात लावला नाही, त्यामुळे त्या कपातीचा भार विभाज्य निधीवर पडला नाही. जे वाटायचे नव्हते तेच सोडले गेले, हे केंद्राचे म्हणणे त्यापुरते खरे आहे. तिसरी बाजू राज्यांची आहे. महाराष्ट्राचा इंधनावरील मूल्यवर्धित कर काही अंशी टक्केवारीने आणि काही अंशी प्रतिलिटर ठरावीक रकमेने आकारला जातो. त्यातला टक्केवारीचा भाग केंद्रीय शुल्क मिळवलेल्या किमतीवर लागत असल्याने केंद्राने उपकर 10 रुपयांनी वाढवला की राज्याचा दर 25 टक्के धरल्यास राज्याच्या तिजोरीत आपोआप अडीच रुपये येतात, आणि ते कोणाशी वाटावे लागत नाहीत. म्हणून इंधनाच्या बाबतीत राज्यांचा तक्रारीचा सूर पूर्णपणे निष्कलंक नाही. पण हा लाभ ज्या राज्यात जितके इंधन विकले जाते तितकाच मिळतो. विभाज्य निधीतून बिहारसारख्या गरीब राज्याला जे मिळाले असते, त्याची भरपाई यातून होत नाही.

एकूण महसुलात या वाटपाबाहेरच्या रकमेचे प्रमाण 2011-12 मध्ये सुमारे एक दशांश होते. 2020-21 पर्यंत ते एक पंचमांशाच्या आसपास पोचले आणि त्यानंतर काहीसे उतरले. 2020-21 मध्ये केंद्राची ढोबळ करवसुली सुमारे 20.27 लाख कोटी रुपये होती आणि राज्यांना करवाटपातून सुमारे 5.95 लाख कोटी मिळाले, म्हणजे ढोबळ वसुलीच्या 29 टक्क्यांच्या थोडे वर. 41 टक्क्यांपासूनचे हे सारे अंतर अन्यायाचेच आहे असे म्हणता येणार नाही. वसुलीचा खर्च त्यात आहे, मागील वर्षांच्या हिशेबांची समायोजने त्यात आहेत आणि वस्तू व सेवा कराचा भरपाई उपकरही त्यात आहे, जो राज्यांच्या बुडालेल्या महसुलाच्या भरपाईसाठीच होता. तरीही अंतराचा मोठा भाग उपकर व अधिभार यांनी व्यापलेला आहे. अर्थसंकल्पाच्या कागदपत्रांत ढोबळ करमहसूल आणि राज्यांचा वाटा हे दोन आकडे दरवर्षी शेजारीशेजारी छापलेले असतात. दुसऱ्याला पहिल्याने भागले आणि ते गुणोत्तर आयोगाने ठरवलेल्या टक्क्यांपासून किती दूर जाते हे वर्षानुवर्षे पाहिले, की विभाज्य निधीची सीमा कोणत्या दिशेने सरकते आहे हे कोणत्याही जिज्ञासू वाचकाला स्वतःच कळू शकते.

महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात या विषयाची चर्चा बहुतेक वेळा आडव्या वाटपापुरती होते. मुंबईत इतका कर भरला जातो आणि राज्याच्या पदरात मात्र इतके थोडे पडते, हा तिचा ठरलेला सूर आहे. या युक्तिवादाचा पाया कमकुवत आहे. कंपनीचे मुख्यालय नरिमन पॉइंटला असले आणि तिने कर तेथे भरला, तरी तिचा नफा झारखंडच्या खाणीत, तमिळनाडूच्या कारखान्यात आणि उत्तर प्रदेशच्या ग्राहकाकडून निर्माण झालेला असतो; कर कोठे जमा झाला यावरून तो कोणी दिला हे ठरत नाही. शिवाय वाटपाचा हेतूच मुळी देशभरातील नागरिकांना तुलनीय दर्जाच्या सेवा मिळाव्यात हा आहे. पंधराव्या आयोगाच्या सूत्रात 45 टक्के वजन उत्पन्न-अंतराला होते, म्हणजे राज्याचे दरडोई उत्पन्न हरियाणाच्या मानाने जितके कमी तितका त्याचा वाटा अधिक. उरलेले वजन लोकसंख्या, क्षेत्रफळ, वने, लोकसंख्या-नियंत्रणातील कामगिरी आणि थोड्या प्रमाणात कर गोळा करण्याचा प्रयत्न यांना होते. या सूत्रातून उत्तर प्रदेशला 17.939 टक्के, बिहारला 10.058 टक्के, महाराष्ट्राला 6.317 टक्के आणि गोव्याला 0.386 टक्के मिळाले. महाराष्ट्राचा वाटा चौदाव्या आयोगाच्या 5.521 टक्क्यांवरून वाढला, तर त्याच वेळी कर्नाटकाचा 4.713 वरून 3.647 वर घसरला.

आता आडवे वाटप आणि विभाज्य निधीची सीमा या दोहोंच्या परिणामांची तुलना महाराष्ट्राच्याच आकड्यांवर करून पाहता येते. सोयीसाठी वसुलीचा खर्च बाजूला ठेवू. केंद्राने 100 रुपये गोळा केले आणि त्यांत उपकर व अधिभार 10 रुपये असले, तर 90 रुपये वाटपासाठी येतात, त्यांचे 41 टक्के म्हणजे 36 रुपये 90 पैसे राज्यांचे, आणि त्यांत महाराष्ट्राचे 2 रुपये 33 पैसे. उपकर व अधिभार 20 रुपये झाले, तर वाटपाला 80 रुपये उरतात, राज्यांचे 32 रुपये 80 पैसे होतात आणि महाराष्ट्राचे 2 रुपये 7 पैसे. हे 26 पैशांचे नुकसान आडव्या वाटपातून भरून काढायचे झाले, तर महाराष्ट्राचा वाटा 6.317 वरून सुमारे 7.1 टक्क्यांवर न्यावा लागेल, म्हणजे दोन आयोगांदरम्यान प्रत्यक्षात जेवढी वाढ मिळाली जवळपास तेवढीच पुन्हा मिळवावी लागेल आणि तीही इतर राज्यांच्या ताटातून. उपकर मर्यादित राहिले तर मात्र बिहार, केरळ आणि महाराष्ट्र या तिघांनाही एकाच वेळी, एकाच प्रमाणात अधिक मिळते. राज्ये ज्या आडव्या वाटपावर एकमेकांशी भांडतात ते एकूण शून्य बेरजेचे आहे. जिथे त्यांचे हित एक आहे त्या प्रश्नावर ती क्वचितच एकत्र उभी राहतात.

केंद्राच्या बाजूने मांडला जाणारा मुख्य मुद्दा असा की 2015 मध्ये राज्यांचा वाटा 32 वरून 42 टक्के झाल्यावर केंद्राच्या हातातला मोकळा महसूल अचानक आटला, संरक्षण आणि व्याजाचा खर्च मात्र तसाच राहिला, आणि उपकरांतून येणारा पैसाही शेवटी ग्रामीण रस्ते, शाळा, आरोग्य या कामांतून राज्यांतच खर्च होतो. यातील पहिल्या भागात तथ्य आहे. दुसऱ्या भागात एक महत्त्वाचा भेद झाकला जातो. विभाज्य निधीतून आलेली रक्कम राज्याची स्वतःची असते आणि ती कशावर खर्च करायची हे विधानसभा ठरवते. केंद्रपुरस्कृत योजनेतून आलेली रक्कम केंद्राने ठरवलेल्या कामासाठी, केंद्राच्या निकषांवर आणि बहुतेक राज्यांच्या बाबतीत 60 रुपयांना राज्याचे 40 रुपये जोडल्यावर मिळते. दुष्काळाच्या वर्षी मराठवाड्यातल्या पाणीपुरवठ्याला प्राधान्य द्यायचे की अन्य कशाला, हा निर्णय पहिल्या प्रकारात मुंबईत होतो आणि दुसऱ्या प्रकारात बराचसा दिल्लीत झालेला असतो.

शिवाय उपकर ज्या कामासाठी लावला त्याच कामावर तो खर्च झाला का, हे पाहणेही सोपे नसते. उपकराची रक्कम आधी संचित निधीत जमा होते आणि तेथून ती त्या कामासाठीच्या राखीव निधीत वळवावी लागते. 2018-19 च्या केंद्रीय लेख्यांवरील अहवालात महालेखापरीक्षकांनी दाखवून दिले की त्या वर्षी विविध उपकरांतून सुमारे 2.75 लाख कोटी रुपये आले, पण राखीव निधींत सुमारे 1.64 लाख कोटीच वळवले गेले आणि उरलेले संचित निधीतच राहिले. उपकर वाटपाबाहेर ठेवण्याचे घटनात्मक समर्थन त्याच्या नेमक्या प्रयोजनात आहे. रक्कम त्या प्रयोजनाकडे वळलीच नाही, तर तो सर्वसाधारण करच ठरतो आणि मग तो न वाटण्याचे कारण उरत नाही. सरकारिया आयोगाने अधिभाराविषयी 1988 मध्येच बजावले होते की तो विशिष्ट प्रयोजनासाठी आणि मर्यादित काळासाठीच लावला जावा.

उपाय म्हणून तीन गोष्टींची चर्चा होते. प्रत्येक उपकराला कायद्यातच मुदत घालावी. एकूण ढोबळ महसुलात उपकर व अधिभार यांच्या प्रमाणाला मर्यादा घालावी आणि त्या मर्यादेवरची रक्कम आपोआप विभाज्य निधीत यावी. किंवा राज्यांचा हिस्सा निव्वळ उत्पन्नावर न ठरवता उपकरांसह ढोबळ वसुलीवर ठरवून टक्केवारी त्या मानाने कमी करावी. यांपैकी दुसरा उपाय सर्वांत व्यवहार्य दिसतो. युद्ध किंवा साथ अशा आपत्तीत केंद्राला तातडीने पैसा उभा करण्याची मोकळीक त्यात राहते, आणि आपत्ती संपल्यावरही ती मोकळीक कायमची होऊन बसत नाही. तिसरा उपाय तत्त्वतः स्वच्छ आहे, पण टक्केवारी किती कमी करायची यावर एकमत होणे कठीण आहे.

मात्र यांपैकी दुसऱ्या व तिसऱ्या उपायासाठी अनुच्छेद 270 किंवा 271 बदलावा लागेल, आणि येथे राज्यांची खरी अडचण सुरू होते. उपकर आणि अधिभार दरवर्षीच्या वित्त विधेयकातून लावले जातात, ते धन विधेयक असल्याने राज्यांचे प्रतिनिधित्व करणाऱ्या राज्यसभेला ते 14 दिवसांत परत करावे लागते आणि तिच्या सूचना स्वीकारण्याचे बंधन लोकसभेवर नसते. अनुच्छेद 274 नुसार अधिभाराच्या विधेयकाला राष्ट्रपतींची पूर्वशिफारस लागते, पण ती केंद्रीय मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच दिली जाते. वस्तू व सेवा कराच्या बाबतीत राज्यांना निदान परिषदेत दोन तृतीयांश मतभार आहे आणि त्या परिषदेचा अनुच्छेद बदलायचा झाल्यास निम्म्या राज्य विधिमंडळांची संमती घ्यावी लागते. अनुच्छेद 270 व 271 यांना अनुच्छेद 368 चे ते संरक्षण नाही. संसद ते केवळ स्वतःच्या दोन तृतीयांश बहुमताने बदलू शकते, आणि केंद्राची इच्छा नसेल तर राज्यांना ते बदलून घेण्याचा कोणताही मार्ग राज्यघटनेने ठेवलेला नाही. कोणत्या कराचा किती भाग वाटला जाईल हे ठरवताना राज्ये वित्त आयोगापुढे आपले म्हणणे मांडू शकतात; कोणता कर वाटपात असेल हे ठरवताना त्यांना मत नाही.